अनेक अनुयायी असलेले श्टाकेलबेर्ग प्रतिमान

अनेक अनुयायी असलेले श्टाकेलबेर्ग प्रतिमान हे अर्थशास्त्रातील अल्पाधिकाराच्या सिद्धांतातील एक प्रतिमान आहे. यात एक उत्पादनसंस्था (अग्रणी) किती माल बाजारात आणणार हे आधी ठरवते व जाहीर करते. तो आकडा पाहून इतर अनेक एकसारख्या संस्था (अनुयायी) आपापले उत्पादन एकाच वेळी ठरवतात. सर्वांचा माल एकाच प्रतीचा असतो आणि एकूण मालावरून बाजारभाव ठरतो. द्वयाधिकारात, म्हणजे एकच अनुयायी असताना, पहिली चाल करणाऱ्याला स्पष्ट लाभ होतो. अनुयायांची संख्या वाढत जाते तसा अग्रणीचा नफा आटत जातो. मात्र ‘अग्रणीचा लाभ घटतो’ हे विधान लाभ कोणत्या मापाने मोजला यावर अवलंबून आहे. एका मापाने तो सुरुवातीपासून घटतो, दुसऱ्याने आधी वाढून मग घटतो आणि तिसऱ्याने वाढतच राहतो.

## पार्श्वभूमी

फ्रेंच गणितज्ञ आंत्वान ओग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ मध्ये खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांच्या मालकांचे उदाहरण घेऊन द्वयाधिकाराचे पहिले गणिती विवेचन केले. त्यात दोघेही एकमेकांचे उत्पादन दिलेले मानून आपले उत्पादन ठरवतात. दोघांपैकी कोणीही पुढे नसतो. जर्मन अर्थशास्त्रज्ञ हाइनरिश फॉन श्टाकेलबेर्ग यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात ही समता मोडली. एका संस्थेला दुसरीची प्रतिक्रिया आधीच ठाऊक असेल आणि ती हिशेबात धरून तिने आधी चाल केली तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी मांडला. एका अग्रणीमागे अनेक अनुयायी असतात व ते आपसात कूर्नोच्या पद्धतीने स्पर्धा करतात, या रूपाचा पद्धतशीर अभ्यास हनिफ शेराली, अ‍ॅलन सॉयस्टर व फ्रेडरिक मर्फी यांनी १९८३ मध्ये केला.

## मांडणी

मागणीची रेषा सरळ आहे आणि प्रत्येक नगाचा सीमान्त खर्च सर्व संस्थांना सारखा व स्थिर आहे, असे येथे गृहीत धरले आहे. पहिल्या ग्राहकाची किंमत देण्याची तयारी आणि सीमान्त खर्च यांतील फरकाला A म्हणू. अग्रणीचे उत्पादन L, प्रत्येक अनुयायाचे q आणि अनुयायांची संख्या n असून एकूण माल एका नगाने वाढला की भाव एक रुपयाने उतरतो, असे मानू.

अशा खेळाची उकल शेवटाकडून सुरुवातीकडे केली जाते. अनुयायी चाल करतात तेव्हा L हा आकडा ठरून गेलेला असतो. त्यामुळे त्यांच्यासाठी A − L एवढाच बाजार उरतो आणि n जण तो कूर्नोच्या रीतीने वाटून घेतात:

q = (A − L) / (n + 1)

भाव आणि खर्च यांतील फरक, म्हणजे दर नगामागचा नफा, हादेखील (A − L) / (n + 1) एवढाच येतो. अग्रणीला हे सर्व आधीच माहीत असते. म्हणून त्याचा एकूण नफा असा लिहिता येतो:

L × (A − L) / (n + 1)

तो L = A/2 असताना सर्वाधिक होतो आणि तेव्हा त्याचे मूल्य A² / (4(n + 1)) असते.

## एक उदाहरण

कूर्नो यांच्या झऱ्यांच्या धर्तीवर बाटलीबंद पाण्याचा एक काल्पनिक बाजार घेऊ. बाजारात एकही पेटी नसताना पहिली पेटी १३० रुपयांना खपेल आणि दर हजार पेट्यांमागे भाव एक रुपयाने उतरेल. एक पेटी भरायला सर्वांना १० रुपये खर्च येतो. म्हणजे A = 120 आणि उत्पादनाचे एकक हजार पेट्या.

बाजारात एकच विक्रेता असता तर त्याने ६० हजार पेट्या भरल्या असत्या, भाव ७० रुपये राहिला असता आणि नफा ३६ लाख रुपये झाला असता. आता एक अनुयायी आहे असे समजू. अग्रणी पुन्हा ६० हजार पेट्याच भरतो. अनुयायी ३० हजार भरतो, भाव ४० रुपयांवर येतो आणि अग्रणीला पेटीमागे ३० रुपये, म्हणजे एकूण १८ लाख रुपये मिळतात. अनुयायाला ९ लाख मिळतात. दोघांनी एकाच वेळी निर्णय घेतला असता तर प्रत्येकाने ४० हजार पेट्या भरल्या असत्या आणि प्रत्येकाला १६ लाख मिळाले असते. आधी चाल करण्याची किंमत अशा रीतीने २ लाख रुपये ठरते.

अनुयायी तीन झाले की प्रत्येक जण १५ हजार पेट्या भरतो. भाव २५ रुपयांवर उतरतो. अग्रणीच्या ६० हजार पेट्या तशाच राहतात, पण पेटीमागचा नफा १५ रुपयांवर येतो आणि एकूण नफा ९ लाखांवर. दहा अनुयायी असतील तर पेटीमागे साडेपाच रुपयांहूनही कमी सुटतात आणि अग्रणीचा नफा सुमारे ३.२७ लाख उरतो.

## अग्रणीचे उत्पादन का बदलत नाही

अनुयायी एक असो वा दहा, अग्रणी मक्तेदाराइतकाच माल काढतो, हा या प्रतिमानातील सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष आहे. विद्यार्थ्यांना येथे बहुधा आकडेमोडीत चूक झाल्याचा संशय येतो. पण चूक नसते. अनुयायी वाढले की अग्रणीच्या वाट्याला येणारा पेटीमागचा नफा प्रत्येक उत्पादनपातळीवर एकाच प्रमाणात आक्रसतो. नफ्याचा संपूर्ण आलेख (n + 1) ने भागला जातो. आलेखाची उंची कमी होते, पण त्याचे शिखर जागचे हलत नाही.

यामागे परस्परविरोधी दोन प्रवाह आहेत आणि सरळ रेषेच्या मागणीत ते एकमेकांना नेमके छेदतात. अग्रणीने आणखी हजार पेट्या आणल्या की प्रत्येक अनुयायी आपल्या पेट्या हजाराच्या 1/(n + 1) भागाने कमी करतो. सर्व अनुयायांची मिळून माघार हजाराच्या n/(n + 1) भागाइतकी होते. एक अनुयायी असेल तर तो ५०० पेट्यांची जागा करून देतो. तीन असतील तर ते मिळून ७५० पेट्यांची, आणि दहा असतील तर सुमारे ९०९ पेट्यांची. अनुयायांची गर्दी अशा प्रकारे अग्रणीला अधिकाधिक वाट देते, आणि तेवढ्यापुरते पाहता त्याने जास्त माल आणावा हे बरे. पण त्याच गर्दीने भाव आधीच खाली आणलेला असतो, त्यामुळे जादा पेटीतून मिळणारी रक्कमही तितकीच लहान झालेली असते.

बाजारातील अग्रणीचा हिस्सा यामुळे फारसा कोसळत नाही. एका अनुयायासमोर तो दोन तृतीयांश असतो, तिघांसमोर सात पेट्यांपैकी चार, आणि अनुयायी कितीही वाढले तरी तो निम्म्याखाली जात नाही. अनुयायी असंख्य झाले की भाव खर्चाला जाऊन टेकतो. अग्रणी तेव्हाही निम्मा बाजार व्यापून असतो, पण त्यातून त्याला काहीही मिळत नाही. केवळ बाजारहिश्श्यावरून एखाद्या संस्थेचे सामर्थ्य जोखणे किती फसवे ठरू शकते, हे या टोकाच्या स्थितीत उघड दिसते.

## लाभ मोजण्याची तीन मापे

पुढील तक्त्यात वरील बाजारातील अग्रणीचा नफा आणि सर्वांनी एकाच वेळी निर्णय घेतल्यास त्याच संस्थेला मिळाला असता तो नफा (कूर्नो नफा) शेजारी दिले आहेत. रकमा लाख रुपयांत आहेत.

| अनुयायी | अग्रणीचा नफा | कूर्नो नफा | फरक |
|---|---|---|---|
| १ | १८.०० | १६.०० | २.०० |
| २ | १२.०० | ९.०० | ३.०० |
| ३ | ९.०० | ५.७६ | ३.२४ |
| ४ | ७.२० | ४.०० | ३.२० |
| ५ | ६.०० | २.९४ | ३.०६ |
| ८ | ४.०० | १.४४ | २.५६ |
| १० | ३.२७ | १.०० | २.२७ |

पहिले माप म्हणजे अग्रणीचा प्रत्यक्ष नफा. तो सुरुवातीपासून घटतो आणि सर्वांत मोठी घसरण पहिल्याच पायरीवर होते. एकट्या मक्तेदाराचे ३६ लाख पहिला अनुयायी येताच निम्मे होतात. नंतरच्या प्रत्येक अनुयायाने होणारे नुकसान आधीच्यापेक्षा कमी असते.

दुसरे माप शेवटच्या स्तंभात आहे. पुढे असण्यामुळे, आणि केवळ त्यामुळेच, किती रुपये जास्त मिळाले हे ते सांगते. ‘अग्रणीपदाची किंमत’ हे नाव खरे म्हणजे यालाच शोभते. ही रक्कम आधी वाढते, तीन अनुयायी असताना शिखर गाठते आणि चौथ्यापासून उतरू लागते. शिखर तिनावर असणे हा निवडलेल्या आकड्यांचा योगायोग नाही. या फरकाचे सूत्र A² n² / (4(n + 1)(n + 2)²) असे असून A कितीही घेतला तरी पूर्णांकांमध्ये ते n = 3 लाच सर्वाधिक होते. अर्थात मागणी सरळ रेषेची आणि खर्च स्थिर असेल तरच. आधीची वाढ अनुयायांच्या माघारीमुळे होते: जितके अधिक प्रतिस्पर्धी, तितकी अग्रणीच्या चालीने हटणारी उत्पादनक्षमता अधिक. नंतरची घट होते कारण वाटून घ्यायचा नफाच बाजारात उरत नाही.

तिसरे माप गुणोत्तराचे आहे. अग्रणीचा नफा कूर्नो नफ्याच्या किती पट आहे, असे विचारल्यास उत्तर वाढतच जाते: एका अनुयायासमोर सव्वापटीहूनही कमी (९/८), चौघांसमोर १.८ पट, दहांसमोर सव्वातीन पटीहून थोडे अधिक. अनुयायाशी तुलना केली तर हे आणखी ठळक होते. पेटीमागचा नफा दोघांनाही सारखाच असल्याने अग्रणी हा प्रत्येक अनुयायाच्या n + 1 पट माल विकतो व तितकाच पट नफा मिळवतो. दहा अनुयायांमध्ये तो अकरा पट मोठा दिसतो आणि तरीही एकाच अनुयायासमोर मिळवला असता त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी कमावतो. पाठ्यपुस्तकांत आढळणारी परस्परविरोधी विधाने पुष्कळदा यातूनच उद्भवतात. एक लेखक रक्कम मोजत असतो, दुसरा गुणोत्तर.

ग्राहकांच्या दृष्टीने अग्रणी असलेला बाजार नेहमीच स्वस्त असतो. तीन अनुयायी असताना भाव २५ रुपये राहतो, तर चारही संस्थांनी एकाच वेळी निर्णय घेतला असता तो ३४ रुपये राहिला असता. त्याची झळ अनुयायांना बसते. प्रत्येकाला ५.७६ लाखांऐवजी २.२५ लाख मिळतात.

## बांधिलकी

वरील सर्व निष्कर्ष एका अटीवर टिकून आहेत: अग्रणीला जाहीर केलेला आकडा नंतर बदलता येऊ नये. ही अट मांडणीत एका वाक्यात येऊन जाते, पण प्रतिमानाचा सगळा भार तिच्यावर आहे. अनुयायांनी आपले उत्पादन ठरवून टाकल्यावर अग्रणीकडे पाहिले तर तो गरजेपेक्षा जास्त माल काढून बसलेला दिसतो. तीन अनुयायांनी मिळून ४५ हजार पेट्या भरल्या असतील, तर त्या क्षणी अग्रणीला ६० हजार नव्हे, ३७,५०० पेट्या विकणे सर्वांत फायद्याचे असते. तसे केल्यास भाव चढतो आणि त्याचा नफा ९ लाखांवरून १४ लाखांच्या वर जातो.

अनुयायी वाढतात तसा हा मोह वाढतो. एकच अनुयायी असेल तर शब्द फिरवून अग्रणीला १८ लाखांचे २०.२५ लाख करता येतात, म्हणजे आठव्या हिश्श्याची वाढ. तिघांसमोर ही वाढ निम्म्याहून अधिक असते. दहांसमोर मागे फिरलेल्या अग्रणीचा नफा तिपटीहून जास्त होतो. अनुयायांनाही हा हिशेब करता येतो. त्यांनी घोषणेवर विश्वास ठेवला नाही तर ते माघार घेत नाहीत आणि बाजार कूर्नोच्या समतोलाकडे सरकतो. त्यामुळे प्रतिस्पर्धी पुष्कळ असतील तेव्हा नुसती घोषणा पुरत नाही. उभा केलेला कारखाना, आधीच खरेदी केलेला कच्चा माल किंवा ग्राहकांशी केलेले दीर्घ मुदतीचे करार असे काही तरी हाती असावे लागते, ज्यामुळे उत्पादन कमी करणे तोट्याचे ठरेल.

माहितीचा प्रश्नही यातच गुंतलेला आहे. अनुयायांना अग्रणीचे उत्पादन अचूक दिसत नसेल, त्यात थोडीशीच चूक होण्याची शक्यता असेल, तरी शुद्ध डावपेचांच्या समतोलात पहिल्या चालीचा लाभ पूर्णपणे नाहीसा होतो, असे काइल बॅगवेल यांनी १९९५ मध्ये दाखवले. एरिक फान दाम व शाक हुर्केन्स यांनी १९९७ मध्ये या निष्कर्षाची धार बोथट केली. मिश्र डावपेच विचारात घेतले तर चूक लहान असताना श्टाकेलबेर्ग यांच्या उत्तराजवळचा समतोलही सापडतो, असे त्यांनी सिद्ध केले.

## खर्च वाढत जात असेल तर

स्थिर सीमान्त खर्चाचे गृहीतक सोडले की अग्रणीचे उत्पादन न बदलण्याचा निष्कर्ष लगेच कोसळतो. समजा प्रत्येक संस्थेला दर पुढच्या हजार पेट्यांसाठी पेटीमागे एक रुपया अधिक खर्च येतो: झरा जितका उपसावा तितका उपसा महाग. अशा बाजारात अग्रणी एका अनुयायासमोर सुमारे ३४ हजार पेट्या भरतो, तिघांसमोर सुमारे २७ हजार आणि दहांसमोर १५ हजार. लहान लहान प्रमाणात माल काढणारे अनुयायी स्वस्तात उत्पादन करतात, तर मोठ्या अग्रणीच्या शेवटच्या पेट्या महाग पडतात. येथे अनुयायी वाढले की नफ्याबरोबर अग्रणीचा आकारही आक्रसतो. खनिजे व तेल यांसारख्या उद्योगांत हे रूप अधिक वास्तववादी मानले जाते.

## अनुयायांची संख्या कोण ठरवते

आतापर्यंत n हा आकडा बाहेरून दिलेला मानला आहे. प्रत्येक अनुयायाला बाजारात शिरण्यासाठी ठरावीक स्थिर खर्च करावा लागत असेल तर चित्र पालटते. नफा त्या खर्चाइतका उरेपर्यंतच नवे अनुयायी येतात, आणि तो नफा अग्रणीच्या उत्पादनावर अवलंबून असतो. वरील उदाहरणात प्रवेशाचा खर्च १ लाख रुपये धरला, तर अग्रणी १०० हजार पेट्या भरून पहिल्याच अनुयायाला दाराबाहेर रोखू शकतो. उरलेल्या बाजारात १० हजार पेट्यांवर पेटीमागे १० रुपये, म्हणजे नेमका प्रवेशाचा खर्च तेवढा सुटतो आणि येण्यात अर्थ राहत नाही. अग्रणीला तेव्हा पेटीमागे २० रुपये, एकूण २० लाख (स्वतःचा स्थिर खर्च वजा करण्यापूर्वी) मिळतात. अनुयायी येऊ दिले असते तर भाव आणखी खाली आला असता. प्रवेश खुला असताना अग्रणी नेहमीच आक्रमक राहतो, हे फेदेरिको एत्रो यांनी २००६ मध्ये अधिक व्यापक गृहीतकांखाली दाखवले.

## तेलाच्या बाजारातील प्रसंग

अग्रणी आणि अनुयायी यांच्या भूमिका उलटल्या तर काय होते, हे १९८० च्या दशकातील खनिज तेलाच्या बाजारात दिसले. १९७० च्या दशकातील भाववाढीनंतर उत्तर समुद्रात ब्रिटन व नॉर्वे, तसेच मेक्सिको आणि अलास्का येथील उत्पादन वाढले. सौदी अरेबियाने ठरलेला भाव टिकवण्यासाठी स्वतःचे उत्पादन कमी करत नेण्याचे धोरण पत्करले. १९८० च्या सुमारास दररोज १ कोटी बॅरलच्या जवळपास असलेले त्याचे उत्पादन १९८५ च्या उन्हाळ्यात २५ लाख बॅरलच्या खाली गेले. प्रतिमानाच्या भाषेत, इतरांनी आधी चाल केली आणि सर्वांत मोठ्या उत्पादकाने त्यांना जागा करून दिली. मोठा आकार असूनही तो परिमाणाच्या बाबतीत अनुयायी झाला होता.

१९८५ च्या उत्तरार्धात सौदी अरेबियाने हे धोरण सोडून उत्पादन पुन्हा वाढवले. १९८६ च्या मध्यापर्यंत तेलाचा भाव निम्म्याहून खाली आला. इतर उत्पादकांची माघार मात्र प्रतिमानात होते तशी तत्काळ झाली नाही. उत्तर समुद्रातील विहिरी व फलाटांवरचा खर्च आधीच होऊन गेलेला होता आणि चालू खर्च भागेपर्यंत तेल काढत राहणे त्यांच्या फायद्याचे होते. भाव पडल्यावर कमी झाली ती प्रामुख्याने नव्या विहिरींवरची गुंतवणूक, आणि तिचा परिणाम उत्पादनात उतरायला काही वर्षे लागतात. एका टप्प्याच्या खेळात हा कालावधी धरलेला नसतो. काळाचे परिमाण असलेल्या श्टाकेलबेर्ग प्रतिमानांत तो विचारात घेतला जातो.